दशांशाचा हिशेब : अन्नसाखळीतील ऊर्जेविषयीचे गैरसमज

२०२३ साली छिंदवाड्यापासून पृथक् होऊन ज्या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, त्या पांढुर्णा आणि सौसर तहसिलींत रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याच्या एखाद्या शेताच्या धुऱ्यावर घटकाभर बसून पाहिले, तर शाळेच्या पुस्तकात बाणांनी जोडून दाखवलेली अन्नसाखळी प्रत्यक्ष चालू असलेली दिसते. घाटेअळी घाट्याला गोल भोक पाडून डोके आत खुपसते, मागचे अर्धे अंग बाहेर ठेवून आतला कोवळा दाणा खाते आणि भोकाच्या तोंडाशी विष्ठेचे बारीक कण टाकीत जाते. पक्ष्यांना बसता यावे म्हणून शेतकऱ्याने रोवलेल्या पक्षीथांब्यावरून साळुंकी उतरून तिला टिपते. आणि त्याच साळुंकीवर बांधावरच्या झाडातून शिक्रा झडप घालतो. हरभरा, घाटेअळी, साळुंकी आणि शिक्रा अशा या चार पायऱ्यांवर ऊर्जा किती उरते, याचा हिशेब दहावीचा विद्यार्थी ज्या दशांशाच्या नियमाने करतो, तो नियम सोपा असूनही त्याच्याभोवती गैरसमजांचे जाळे पुष्कळ दाट आहे.

पहिला गैरसमज असा, की हा दशांश सूर्यापासूनच सुरू होतो. वस्तुतः राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही स्पष्ट नमूद आहे, की पानांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातील ऊर्जेपैकी सुमारे एक टक्काच वनस्पती अन्नाच्या रूपाने बांधून ठेवतात. दहा टक्क्यांचा नियम लागू होतो तो त्यापुढच्या पायऱ्यांना. आपल्या भागात निरभ्र दिवशी एक चौरस मीटर जमिनीवर पडणारी ऊर्जा हिशेबाच्या सोयीसाठी १८,००० किलोज्यूल धरू. तिचा एक टक्का म्हणजे १८० किलोज्यूल हरभऱ्याच्या खाती जमा होतात. त्याचा दशांश १८ किलोज्यूल अळीच्या अंगी लागतो, त्याचा दशांश १.८ किलोज्यूल साळुंकीच्या, आणि शेवटी शिक्र्याच्या अंगी लागतो तो ०.१८ किलोज्यूल, म्हणजे अवघे १८० ज्यूल. सूर्याच्या पायरीवरही दशांशच लावणाऱ्याचे प्रत्येक उत्तर दहापट फुगलेले येते.

याहून घातक चूक वजाबाकीची. ‘नव्वद टक्के नष्ट होते’ हे वाक्य पाठ केलेला विद्यार्थी घाईत प्रत्येक पायरीवर दहा टक्के वजा करीत जातो आणि १८० वरून १६२, मग १४५.८ आणि शेवटी शिक्र्याला १३१ किलोज्यूल मिळाल्याचे लिहून मोकळा होतो, जे खऱ्या आकड्याच्या ७२९ पट आहे. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे : दशांशाच्या हिशेबात एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना आकडे तेच राहतात आणि दशांशचिन्ह तेवढे एक घर डावीकडे सरकते; जिथे नवेच आकडे उगवू लागले, तिथे गुणाकाराऐवजी वजाबाकी झाली असे समजावे. प्रश्नात ‘शिक्र्याला उपलब्ध असलेली ऊर्जा’ विचारली आहे की ‘शिक्र्याच्या शरीरात साठलेली’, हेही पाहून घ्यावे, कारण शिक्र्यासमोर अन्न म्हणून उपलब्ध असते ती साळुंकीच्या शरीरातील १.८ किलोज्यूल ऊर्जा. परीक्षेच्या रूढ भाषेत मात्र ‘त्या पातळीवरील उपलब्ध ऊर्जा’ म्हणजे ०.१८ किलोज्यूल समजली जाते.

पण ‘नष्ट होते’ हा शब्दप्रयोगच मुळात खोटा आहे, कारण ऊर्जा नष्ट होत नाही. वरच्या शेतातील उरलेल्या नव्वद टक्क्यांचा माग काढला तर तो सबंध सापडतो : हरभऱ्याचा मोठा हिस्सा अळीने खाल्लेलाच नसतो, जो खाल्ला त्यातला न पचलेला भाग घाट्याच्या भोकाशी विष्ठा होऊन पडतो, अळीने टाकलेली कातही मातीत जाते, आणि जे पचले त्यातले बरेचसे श्वसनात खर्च होऊन उष्णतेच्या रूपाने हवेत जाते. विष्ठा, कात, वाळलेला पाला यांतली ऊर्जा बुरशी आणि जिवाणू यांसारख्या विघटकांचे अन्न होते. पुन्हा कामास येत नाही ती केवळ उष्णता, आणि म्हणूनच अन्नसाखळी चार-पाच पायऱ्यांपलीकडे क्वचितच जाते.

आता दहा हा आकडा अचल आहे, या समजुतीकडे वळतो, आणि येथे मला सविस्तर बोलणे भाग आहे. या विचाराचा पाया घालणारा अमेरिकन तरुण शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन हा १९४२ साली, आपला प्रसिद्ध निबंध छापून येण्यापूर्वीच, सत्ताविसाव्या वर्षी वारला. मिनेसोटातील सीडर बॉग नावाच्या लहानशा सरोवराचा हिशेब मांडताना त्याला वनस्पतींची कार्यक्षमता ०.१ टक्का, शाकाहारी जीवांची १३.३ टक्के आणि मांसाहारी जीवांची २२.३ टक्के आढळली होती; म्हणजे ज्याच्या नावाने हा नियम आपण शिकवतो, त्याच्या स्वतःच्या सरोवरात नेमके दहा कोठेच नव्हते. दहा ही अनेक निरीक्षणांवरून धरलेली मोघम सरासरी आहे.

ती कोठे दगा देते हे आपल्या साळुंकीवरूनच पाहता येते. एका पायरीवरची टक्केवारी ही वास्तविक तीन टक्केवाऱ्यांचा गुणाकार असतो : खालच्या पायरीवर जेवढे निर्माण झाले त्यातले किती खाल्ले, खाल्ल्यातले किती पचले, आणि पचल्यातले किती शरीर बांधण्यास लागले. अळ्यांच्या १८ किलोज्यूलपैकी निम्मे, म्हणजे ९ किलोज्यूल, साळुंक्यांनी खाल्ले असे समजू. त्यातले तीन चतुर्थांश, म्हणजे ६.७५ किलोज्यूल, पचले असेही धरू. पण साळुंकी उष्ण रक्ताचा जीव असल्याने शरीराचे तापमान राखण्यातच तिची बहुतेक मिळकत खर्ची पडते, आणि पक्ष्यांच्या बाबतीत पचलेल्या अन्नापैकी एक-दोन टक्केच नव्या मांसाच्या वा अंड्यांच्या रूपाने शिल्लक राहते. दीड टक्का धरला तर उरतो जेमतेम ०.१ किलोज्यूल, जिथे पुस्तकी नियमाने १.८ दाखवला होता. उलट अळीसारख्या थंड रक्ताच्या कीटकाला शरीर तापविण्याचा खर्च नसल्याने ती पचलेल्यातला बराच मोठा वाटा अंगी लावते. तेव्हा पायऱ्यांची तुलना स्थूलमानाने करावयाची असेल तर दशांश पुरेसा आहे; एखाद्या शेतात शिक्र्यांची किती जोडपी पोसतील हे ठरविण्यास तो सर्वस्वी अपुरा आहे.

शेवटचा घोटाळा पेंचच्या जंगलाविषयी बोलताना कानावर येतो. वाघ आपल्या भक्ष्यापैकी वर्षाला सुमारे दहा टक्के प्राणी मारतो, असे गृहीत धरून के. उल्लास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली भक्ष्याच्या संख्येवरून वाघांची घनता सांगणारे गणित मांडले; एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास खुरी प्राणी लागतात, म्हणून त्याच्यामागे सुमारे पाचशे चितळ-सांबर जिवंत असावे लागतात, असा त्याचा अर्थ. हे दहा टक्के आणि अन्नसाखळीचे दहा टक्के एकच, असे पुष्कळांना वाटते. पण येथे मोजलेली आहेत ती डोकी, ऊर्जा नव्हे, आणि मोजला आहे तो उभ्या कळपातून वर्षाकाठी उचललेला हिस्सा, जो कळपाच्या नव्या पिलावळीतून भरून निघतो. ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर ते पन्नास प्राणी खाऊनही पूर्ण वाढ झालेल्या वाघाचे वजन वर्षाअखेर जवळजवळ तेवढेच राहते. पचलेले बहुतेक सारे चालण्यात, शिकारीत आणि अंग ऊबदार ठेवण्यात खर्च होते, आणि पुढच्या पायरीच्या खाती मांडता येण्याजोगे जे अल्पस्वल्प उरते ते मुख्यतः बछड्यांच्या वाढीत असते.