एपिसोड लेखी: डाउनलाइट नेमक्या कुठे मारायच्या? भिंतीपासूनच्या अंतराचं गणित

या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी मागितलं म्हणून आकडे इथे लिहून टाकतोय. ऐकताना "अर्धं सोडा, पूर्ण घ्या" एवढंच कानात राहतं आणि सिलिंगखाली उभं राहिल्यावर गोंधळ होतो. आणि हा गोंधळ महागात जातो, कारण जिप्समच्या सिलिंगला तीन इंचाचं भोक पडलं की ते पडलं. परत भरता येतं, पण पट्टी, पुट्टी, रंग सगळं आलं, आणि तिरक्या उजेडात तो पॅच दिसतोच.

उदाहरण खरंच घडलेलं घेतो. माझ्या मावसभावाचा पुण्यातला फ्लॅट. हॉल ११ फूट बाय १६ फूट, फॉल्स सिलिंग जमिनीपासून ९ फुटांवर, मध्ये ४ फूट घेराचा पंखा, म्हणजे आपला नेहमीचा १२०० एमएमचा. टीव्ही एका ११ फुटी भिंतीवर, सोफा समोरच्या. इलेक्ट्रिशियनने सुचवलं होतं, "दादा, चारी बाजूंनी भिंतीपासून एक-एक फूट सोडून आठ लाइट मारू, मस्त दिसेल." भावाने मला फोन केला, "अरे, तू इंजिनिअर ना, सांग." आता मी सॉफ्टवेअरवाला, पण हे गणित शाळेतल्या टॅनपलीकडे जात नाही.

सुरुवात उंचीपासून. मोजायची उंची ९ फूट नाही. आपल्याला उजेड फरशीवर नको असतो, टेबलावर, मांडीवरच्या पुस्तकावर, ताटावर हवा असतो. ती पातळी साधारण अडीच फूट धरतात. म्हणजे कामाची उंची साडेसहा फूट.

दुसरी गोष्ट बीम अँगल. चांगल्या डाउनलाइटच्या खोक्यावर २४, ३६, ६० असा अंश लिहिलेला असतो. मधोमध जेवढा प्रखर उजेड, त्याच्या निम्म्यावर तो जिथे येतो त्या दोन बाजूंमधला हा कोन. ६० अंशांची लाइट साडेसहा फुटांखाली किती मोठं वर्तुळ टाकते? फोनचा कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा आणि हे टाका:

```
2 * 6.5 * tan(30)
```

उत्तर साडेसात फूट. ३० म्हणजे ६० चा निम्मा. ३६ अंशांच्या लाइटचं वर्तुळ सव्वाचार फुटांच्या आसपास येतं, आणि २४ चं पावणेतीन फूट. त्यामुळे "लाइट किती लावू?" हा प्रश्न बीम अँगल माहीत नसताना विचारण्यात अर्थच नाही. २४ अंशांच्या लाइट देवघरासाठी किंवा भिंतीवरच्या चित्रासाठी छान, पण त्यांनी अख्खा हॉल उजळायचा म्हटलं तर जमिनीवर ठिपके-ठिपके पडणार.

मग साडेसात फुटांचं वर्तुळ मिळतंय तर लाइट साडेसात फुटांवर लावायच्या का? नाही. वर्तुळाच्या कडेला प्रखरता निम्मी होते, शिवाय प्रकाश तिरका आणि जास्त अंतरावरून येतो, त्यामुळे टेबलावर प्रत्यक्षात एक तृतीयांशच पडतो. दोन लाइटची वर्तुळं नुसती एकमेकांना टेकली तर मधल्या जागी एक तृतीयांश अधिक एक तृतीयांश, म्हणजे थेट लाइटखालच्यापेक्षा कमीच. वर्तुळं एकमेकांत शिरली पाहिजेत. ६० अंशांच्या लाइटला ते गणित साधारण कामाच्या उंचीच्या ०.९ पटीवर बसतं. आपल्या हॉलमध्ये म्हणजे पावणेसहा फूट. यापेक्षा लांब गेलात की मध्ये काळपट पट्टा सुरू.

आता खरा मुद्दा, जिथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. १६ फुटांत तीन लाइट बसवायच्या. पटकन सुचतं काय? १६ भागिले ४, दर चार फुटांवर एक. लाइट येतात ४, ८ आणि १२ फुटांवर. सगळी अंतरं सारखी, कागदावर एकदम देखणं. पण भिंतीलगत अंधार. का? दोन लाइटच्या मधल्या जागेला दोन्हीकडून उजेड मिळतो. भिंतीजवळच्या जागेला मात्र एकाच बाजूने मिळतो, पलीकडे लाइटच नाही. भिंत थोडा उजेड परत फेकते, पण दुसऱ्या लाइटएवढा नाही. म्हणून भिंतीपर्यंतचं अंतर दोन लाइटमधल्या अंतराच्या निम्मं हवं. (कोडिंगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कुंपणाचे खांब मोजायचे की खांबांमधल्या जागा, तोच घोळ.)

म्हणून भागायचं ते लाइटच्या संख्येने. १६ भागिले ३ म्हणजे ५ फूट ४ इंच. दोन लाइटमधलं अंतर ५ फूट ४ इंच, भिंतीपासून २ फूट ८ इंच. पावणेसहाच्या आत आहे, पास. दुसरीकडे ११ भागिले २ म्हणजे साडेपाच फूट, भिंतीपासून २ फूट ९ इंच. तेही पास. एकूण सहा लाइट. आठाच्या सहा झाल्या आणि उजेड जास्त सारखा पसरला.

अंतरं नेहमी सेंटर टू सेंटर मोजा, भोकाच्या कडेपासून नाही.

आणि त्या एक फुटाच्या प्रस्तावाचं काय झालं असतं? भिंतीच्या इतक्या जवळून आलेला प्रकाश भिंतीवर कमानी काढतो. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये मुद्दाम करतात, तिथे छान दिसतं. घरात त्याच कमानीत भिंतीचा प्रत्येक उंचवटा आणि रोलरची प्रत्येक रेघ उठून दिसते. शिवाय सोफा भिंतीला लागून असतो. बसलेल्या माणसाचं डोकं भिंतीपासून फूटभरच असतं, म्हणजे लाइट बरोबर टाळूवर. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावल्या पडतात, व्हिडिओ कॉलवर माणूस आठवडाभर झोपला नसल्यासारखा दिसतो. तीच लाइट २ फूट ८ इंचांवर नेली की ती डोक्याच्या पुढे जाते आणि चेहऱ्यावर समोरून उजेड येतो.

आता आपल्याकडचा खास प्रॉब्लेम: पंखा. परदेशी व्हिडिओंमध्ये तो बऱ्याचदा नसतो, म्हणून त्यावर फारसं बोललं जात नाही. पात्याच्या वर लाइट आली की फिरत्या पात्यांनी उजेड तुटतो आणि अख्खा हॉल लपलपायला लागतो. दहा मिनिटांत डोकं उठतं. आपल्या आराखड्यात मधल्या दोन लाइट पंख्याच्या केंद्रापासून २ फूट ९ इंचांवर येतात आणि पातं २ फुटांपर्यंत पोचतं. पाती सिलिंगच्या १ फूट खाली असतील तर ६० अंशांचा झोत तिथवर केंद्राकडे सात इंच सरकतो, पात्याच्या टोकापासून दोन इंच बाहेरून जातो. वाचलो! पण पाती दीड फूट खाली आली तर तोच झोत साडेदहा इंच सरकतो आणि पात्यावर आदळतो. ९० अंशांची लाइट असेल तर एक फुटावरच आदळते. म्हणून आधी रॉडची लांबी ठरवा, मग लाइट. झोताच्या बाहेर सांडणारा थोडा प्रकाश पात्यावर पडतोच, पण तो फिका असतो, सहसा जाणवत नाही.

ग्लेअरकडे वळू. अंतरं बरोबर असूनही डोळ्यांत टोचतं, तेव्हा दोष फिटिंगचा असतो. बाजारात स्वस्त मिळते ती सपाट पॅनल लाइट: पांढरी चकती, सिलिंगच्या बरोबरीने. तिचा चेहरा खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतो. डीप लाइटमध्ये एलईडीची चिप आत, वर खोल बसलेली असते. समजा तोंड ७५ एमएमचं, मधली चिप २५ एमएमची, आणि ती ५० एमएम आत आहे. चिपच्या एका कडेपासून समोरच्या रिमपर्यंतचं आडवं अंतर ५० एमएम, खोलीही ५०, म्हणजे कोन ४५ अंश. सोफ्यावर बसलेल्याचा डोळा साधारण ४ फुटांवर, सिलिंग ९ वर, फरक ५ फूट. मग ५ फुटांपेक्षा लांबच्या कुठल्याही लाइटची चिप त्याला दिसतच नाही. जवळच्यांची दिसू शकते, पण त्यासाठी मान वर करावी लागते.

दुकानात हे तपासायला पट्टी लागत नाही. लाइट चालू करून डोक्यावर धरायला सांगा आणि हळूहळू मागे सरका. एक-दोन पावलांत चिप लपली तर घ्या.

बेडरूममध्ये मात्र ही युक्ती निकामी. झोपलेला माणूस सरळ वरच बघतो, कितीही खोल चिप असली तरी ती डोळ्यांतच येणार. पलंगावर डाउनलाइट नको, माझं मत पक्कं आहे. पायाकडच्या वाटेवर आणि कपाटासमोर लावा, बाकी कोव्हमधला झाकलेला उजेड पुरतो.

किती वॅट? भावाच्या हॉलमध्ये १० वॅटच्या सहा, प्रत्येकी ९०० ल्युमेनच्या. भिंतींत आणि फिटिंगमध्ये जाणारा आणि धुळीने कमी होणारा उजेड वजा केला तर टेबलावर साधारण १५० लक्स. गप्पांना, जेवायला भरपूर. बारीक अक्षर वाचायचं असेल तर सोफ्याजवळ वेगळा दिवा ठेवा. त्या एका कोपऱ्यासाठी सगळ्या हॉलची लाइट वाढवू नका.

भोक पाडण्याआधी दोन गोष्टी. सगळे पॉइंट आधी फरशीवर खडूने मारा आणि ओळंब्याने किंवा लेझरने वर न्या. सिलिंगकडे मान वर करून मोजलेलं अंतर इंच-दोन इंच हमखास चुकतं. मग वर जीआय चॅनल कुठून जातंय ते मॅग्नेटने शोधा. पॉइंट चॅनलवर आला तर इलेक्ट्रिशियन म्हणेल, "चार इंच सरकवतो, काय फरक पडतो?" उजेडात फारसा पडत नाही, पण दिसायला पडतो: एक लाइट रांगेबाहेर गेली की डोळा दररोज तिथेच जातो. सरकवायची तर ती पूर्ण रांग सरकवा. भावाकडे मधली जोडी तीन इंच टीव्हीच्या बाजूला गेली. एका बाजूला अंतर ५ फूट १ इंच, दुसऱ्या बाजूला ५ फूट ७ इंच, दोन्ही पावणेसहाच्या आत. पंख्यापासूनही ती किंचित लांबच गेली.

वायरिंग करताना टीव्हीकडची जोडी, मधली जोडी आणि सोफ्याकडची जोडी अशी तीन वेगळी बटणं मागा. मॅच बघताना टीव्हीकडची बंद करता येते.

काम झाल्यावर रात्री पडदे लावून लक्स मीटरचं एखादं फ्री अ‍ॅप उघडा. फोनच्या सेन्सरचा आकडा शंभर टक्के खरा नसतो, पण एकाच फोनने तुलना करायला चालतो. फोन स्क्रीन वर करून टेबलाच्या उंचीवर आडवा धरा, स्वतःची सावली पडू देऊ नका. लाइटखाली, दोन लाइटच्या मध्ये, चार लाइटच्या मधोमध आणि कोपऱ्यापासून दोन फुटांवर, असे चार आकडे घ्या. भावाकडे पहिले तीन जवळपास सारखे आले, कोपऱ्यातला थोडा कमी. कोपरा लाइटखालच्याच्या निम्म्याहून खाली गेला असता तर आधी भिंतीचा रंग बघितला असता. गडद रंग उजेड गिळतो, आणि नवीन भोक पाडण्यापेक्षा एका भिंतीला फिका हात मारणं केव्हाही स्वस्त.