सुरांचा हिशेब : लेखांक ६ – अल्बमची मिनिटं आणि एका बारची लांबी

मागच्या लेखात आपण सूर आणि कंपनसंख्या यांचं गणित पाहिलं. आज वेळेकडे वळू. उदाहरण म्हणून एकच अल्बम घेऊ, माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या या जॅझ अल्बममध्ये पाचच रचना आहेत. त्यामुळे सगळा हिशेब पाटीवर मांडता येतो.

आज मिळणाऱ्या आवृत्तीवर रचनांच्या वेळा अशा आहेत : ‘सो व्हॉट’ ९:२२, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ ९:४६, ‘ब्लू इन ग्रीन’ ५:३७, ‘ऑल ब्लूज’ ११:३३ आणि ‘फ्लॅमेन्को स्केचेस’ ९:२६. आवृत्तीगणिक काही सेकंद इकडेतिकडे होतात.

बेरीज करताना मिनिटं आणि सेकंद वेगळे ठेवावेत. मिनिटं झाली ४३. सेकंद झाले २२ + ४६ + ३७ + ३३ + २६ = १६४. या १६४ मधून साठ-साठचे गट काढले की २ मिनिटं निघतात आणि ४४ सेकंद उरतात. एकूण ४५:४४. ताळा करायचा तर रेकॉर्डच्या दोन बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात. पहिल्या बाजूवरच्या तीन रचनांचे २४:४५ आणि दुसऱ्या बाजूवरच्या दोनांचे २०:५९ होतात. त्यांची बेरीज पुन्हा ४५:४४ येते.

चूक होते ती कॅल्क्युलेटरवर. ९:२२ ऐवजी ९.२२ असं टाकत गेलं की उत्तर येतं ४४.६४. ते कुणी ४४ मिनिटं ६४ सेकंद, म्हणजे ४५:०४ असं वाचतं आणि बरोबर ४० सेकंद गायब होतात. याचं कारण सरळ आहे. कॅल्क्युलेटर हातचा शंभराला धरतो, आपल्याला तो साठाला हवा असतो. म्हणून प्रत्येक हातच्यामागे ४० सेकंद बुडतात. दोन जणांच्या बेरजांमध्ये ४०, ८० किंवा १२० सेकंदांचा फरक दिसला, तर कुणीतरी दशांश चिन्ह वापरलं आहे हा पहिला संशय घ्यावा.

एक्सेलमध्ये वेगळाच घोळ होतो. तिथे `9:22` लिहिलं की प्रोग्रॅम ते ९ तास २२ मिनिटं समजतो. बेरजेच्या चौकटीचं स्वरूप साध्या घड्याळाचं, म्हणजे `h:mm` असेल, तर २४ तास पूर्ण झाले की काटा पुन्हा शून्यावर येतो. आपल्या अल्बमची बेरीज मग ४५:४४ ऐवजी २१:४४ दिसते. उपाय असा : वेळ `0:09:22` अशी तासांसकट लिहावी आणि बेरजेच्या चौकटीला `[m]:ss` हे स्वरूप द्यावं. चौकोनी कंसामुळे मिनिटं साठावर अडत नाहीत, पुढे मोजली जातात.

आता एका रचनेच्या आत शिरू. बीपीएम म्हणजे एका मिनिटात पडणाऱ्या बीटची संख्या. मिनिटाचे सेकंद साठ, म्हणून एका बीटला ६० भागिले बीपीएम इतके सेकंद लागतात. एका बारमध्ये जितके बीट, तितक्या पटीने बारची लांबी :

```
बारचे सेकंद = बीट × 60 ÷ बीपीएम
```

‘सो व्हॉट’ चार बीटच्या बारमध्ये आहे आणि तिची गती सुमारे १३६ बीपीएम आहे. ४ × ६० = २४०, आणि २४० ÷ १३६ = १.७६ सेकंद. हा झाला एक बार. आपल्या तीनतालाच्या सोळा मात्रा याच गतीने मोजल्या तर एक आवर्तन साधारण सात सेकंदांचं होईल, म्हणजे असे चार बार.

या रचनेचा एक फेरा ३२ बारचा आहे : आठ-आठ बारचे चार भाग, त्यांतला तिसरा भाग अर्ध्या सुराने वर चढलेला. जॅझवाले या फेऱ्याला कोरस म्हणतात. ३२ × १.७६५ केलं की ५६.५ सेकंद येतात. डेव्हिसचं ट्रम्पेट एकट्याने दोन फेरे वाजतं, म्हणजे सुमारे १ मिनिट ५३ सेकंद. घड्याळ लावून ऐका. दीड मिनिटाच्या आसपास ट्रम्पेट पुढे येतं आणि ३:२४ च्या सुमारास जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन सुरू होतो. सूत्राने काढलेली वेळ कानाला पटते.

मात्र पूर्ण ९:२२ ला १.७६ ने भागून बारची संख्या काढू नये. सुरुवातीचा पियानो आणि बासचा तुकडा मोकळ्या लयीत आहे, तिथे बीट एकसारखे पडत नाहीत. शेवटही आवाज हळूहळू कमी करत केला आहे. शिवाय ही माणसं मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवत नव्हती, त्यामुळे गती किंचित कमीजास्त होत राहते. १३६ ही सरासरी आहे.

ही सरासरी स्वतः काढायची असेल तर एकच बार मोजू नये. स्टॉपवॉचवर बोट दाबायला पाव सेकंदाच्या आतबाहेर उशीर होतोच. समजा ०.२ सेकंदाची चूक झाली. १.७६ सेकंदांच्या एका बारमध्ये ती ११ टक्के होते आणि उत्तर पंधरा बीपीएमने चुकतं. तीच चूक सोळा बारच्या, म्हणजे २८ सेकंदांच्या मोजणीत एक टक्क्याहून कमी होते आणि फरक एका बीपीएमवर येतो. सोळा बारचे चौसष्ट बीट, गुणिले साठ, भागिले मोजलेले सेकंद : हे झालं बीपीएम.

दुसरी अडचण म्हणजे बीट कशाला म्हणायचं. ‘ऑल ब्लूज’ सहा-आठच्या तालात आहे. एका बारमध्ये सहा लहान ठोके आहेत आणि तीन-तीनच्या गटांनी धरले तर दोन मोठे. समजा सहा-आठच्या एखाद्या रचनेचं बीपीएम लहान ठोक्यांचं १५० दिलं आहे. बार झाला ६ × ६० ÷ १५० = २.४ सेकंदांचा. तीच गती मोठ्या ठोक्यांत ५० लिहिली जाईल आणि २ × ६० ÷ ५० पुन्हा २.४ देईल. पण ५० हा आकडा घेऊन सहाने गुणलं तर बार ७.२ सेकंदांचा होतो. उत्तर नेमकं तिप्पट किंवा एक तृतीयांश आलं, तर गणित नव्हे, बीटची निवड चुकली आहे.

या अल्बममुळे दोन्ही हिशेब एकत्र येतात. २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेपयंत्र थोडं हळू फिरत होतं. ती टेप योग्य गतीने वाजवल्यावर संगीत जलद आणि सूर किंचित चढे झाले. अनेक वर्षं रेकॉर्डवर तेच ऐकू येत राहिलं. जोडीला चालवलेल्या दुसऱ्या यंत्राची गती बरोबर होती. त्या टेपवरून १९९० च्या दशकात दुरुस्ती झाली.

समजा गती एक टक्क्याने वाढली. मग १३६ चे १३७.४ बीपीएम होतात, बार १.७६५ वरून १.७४७ सेकंदांवर येतो आणि ९:२२ ची रचना सुमारे साडेपाच सेकंदांनी आखडते. डेव्हिसचे बार मात्र ६४ च राहतात. म्हणून एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन आवृत्त्यांच्या वेळा जुळत नसतील, तर दोन्हींत तेच ठरावीक बार मोजावेत. तेवढ्याच बारना वेगळा वेळ लागला तर गतीत फरक आहे. सारखाच लागला तर सुरुवातीची शांतता किंवा शेवटची काटछाट वेगळी आहे.

पुढील लेखांकात : बीपीएमवरून प्रतिध्वनीचा वेळ कसा बसवतात.