जुना टीव्ही घेताना आधी पॅनेल पाहावे

वापरलेल्या टीव्हीची खरी किंमत त्याच्या पॅनेलमध्ये असते. रिमोट थोड्या पैशांत नवा मिळतो, स्पीकर बदलता येतो, मदरबोर्डही अनेकदा दुरुस्त होतो. पण पॅनेल बदलायचे म्हटले तर खर्च बहुधा जुन्या टीव्हीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून तपासणीचा निम्मा वेळ पडद्यासाठी राखून ठेवावा.

टीव्ही थंड असताना सुरू करायला सांगावे. मागची बाजू हाताला आधीच गरम लागली, तर विक्रेत्याने तो बराच वेळ चालू ठेवला आहे असे समजावे. पॅनेलच्या काठावरच्या पट्टीवजा जोडण्या सैल झाल्या की पडद्यावर उभ्या रेषा येतात. त्या कधी थंड असताना दिसतात आणि तापल्यावर जातात, तर कधी उलट होते. त्यामुळे पहिली दोन मिनिटे आणि अर्ध्या तासानंतरची दोन मिनिटे, दोन्ही वेळा पडदा नीट पाहावा.

पडदा पाहायला चालू कार्यक्रम उपयोगाचा नाही, कारण हलत्या रंगीत चित्रात दोष लपतात. घरूनच पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरी, काळी, करडी, लाल, हिरवी आणि निळी अशी सहा चित्रे न्यावीत. करड्या चित्रावर सगळ्यात जास्त कळते. त्यावर मळकट ढग किंवा उभे पट्टे दिसले, तर क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा सरकताना तेच डाग हिरवळीवर उमटणार. पांढऱ्या चित्रावर गोल, जास्त उजळ ठिपके दिसले, तर मागच्या एलईडी पट्ट्यांवरची छोटी भिंगे गळून पडलेली असतात. सगळा पडदा निळसर-जांभळा वाटला, तर एलईडी झिजल्या आहेत. हे दोन्ही दोष पट्ट्या बदलून जातात. पण त्यासाठी पॅनेलची काच उचलावी लागते आणि ती तडकण्याचा धोका असतो. काळे चित्र खोलीत अंधार करून पाहावे. कडेला किंचित उजेड झिरपणे एलसीडी पडद्यात स्वाभाविक आहे, एखादा कोपरा टॉर्चसारखा उजळणे नाही. ओएलईडी टीव्ही असेल तर करड्या आणि लाल चित्रावर वाहिनीच्या चिन्हाचा कायमचा ठसा शोधावा. तो पुसला जात नाही.

यानंतर पोर्ट. पेन ड्राइव्ह चालला म्हणजे एक यूएसबी पोर्ट झालाच. एचडीएमआय मात्र प्रत्येक तपासावा. खात्रीची केबल आणि लॅपटॉप किंवा सेट-टॉप बॉक्स सोबत न्यावा, एकेका पोर्टात दोन-तीन मिनिटे चित्र आणि आवाज चालू ठेवावा आणि केबल हलकेच हलवून पाहावी. चित्र तुटले तर पोर्ट बोर्डावरून सुटत चालला आहे. दोन पोर्ट पूर्ण बंद असतील, तर विजेचा किंवा केबलमधून आलेला झटका बसलेला असू शकतो. अशा बोर्डाचा पुढे भरवसा धरू नये. वाय-फाय जोडून एक व्हिडिओ चालवणेही याच वेळी उरकावे.

रिमोटचे प्रत्येक बटण दाबावे. साधा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले की टोकाचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. दिवा लुकलुकतो पण टीव्ही हलत नाही, तर दोष टीव्हीच्या ग्राहीत असण्याची शक्यता अधिक. आवाजी आज्ञेचे रिमोट ब्लूटूथने जोडलेले असतात. त्यांचे माइकचे बटण वेगळे तपासावे.

शेवटी सॉफ्टवेअरचे कुलूप. समजा, हॉटेलातून निघालेला 43 इंची टीव्ही स्वस्तात मिळतो आहे. पडदा स्वच्छ, पोर्ट चालू. पण आवाज 30 च्या वर जात नाही, सुरू करताच दरवेळी तीच वाहिनी लागते आणि सेटिंग्जची पाने उघडत नाहीत. हा हॉटेल मोड. खोलीतल्या पाहुण्यांना बदल करता येऊ नयेत म्हणून तो मुद्दाम लावलेला असतो, आणि तो काढण्याचे काम नेहमीच्या मेनूत नसते, सेवा-मेनूत असते. तो विक्रेत्यानेच काढून द्यावा. घरी वापरलेल्या टीव्हीत अडचण वेगळी असते: जुन्या मालकाचे खाते आणि विसरलेला पिन. म्हणून फॅक्टरी रीसेट विक्रेत्याकडून समोर करून घ्यावा, वाय-फाय जोडावे, आपले खाते घालून एक ॲप उघडावे. रीसेटला पिन मागितला आणि विक्रेत्याला तो ठाऊक नसला, तर पैसे देऊ नयेत.

ॲप जुने झाले, चालेनासे झाले, तर बाहेरून एक स्टिक लावून काम भागते. त्यासाठी किमतीत घासाघीस करावी आणि टीव्ही घ्यावा. पॅनेलवर उभी रेष असेल, तर कितीही स्वस्त असला तरी तो घेऊ नये.