हजार धाग्यांची चादर

चादरीच्या पाकिटावर ‘१००० टीसी’ असं ठळक छापलेलं असतं, शेजारच्या पाकिटावर ३००. हजारवाली महाग, म्हणजे ती चांगली असणार, असं आपण धरून चालतो.

टीसी म्हणजे थ्रेड काउंट. एक चौरस इंच कापडात जितके उभे आणि आडवे धागे असतील त्यांची ही बेरीज. उभे १८० आणि आडवे १२० असले की काउंट ३००. हा आकडा वाढवायचा तर सूत बारीक हवं, आणि बारीक सुताला लांब तंतूंचा, महाग कापूस लागतो. त्यावर एक सोपी पळवाट आहे. चार पदर एकत्र पिळून एक धागा करायचा आणि मोजताना पदर मोजायचे. इंचात धागे २५०च, पण पाकिटावर १०००! अमेरिकेतल्या एएसटीएमच्या मोजणीच्या पद्धतीत असा पिळलेला धागा एकच धरतात. अशी चादर वजनाने जड आणि उन्हाळ्यात गरम होते.

घरात असलेली चादर तपासायची असेल, तर शिवणीच्या आतून एक धागा ओढा आणि पीळ उलटा फिरवा. त्याचे वेगवेगळे पदर सुटले तर तो बहुपदरी. नुसता कापूस मोकळा झाला तर एकपदरी. एकपदरी सुताची २०० ते ४०० काउंटची सुती चादर रोजच्या वापराला उत्तम.

मला काउंटपेक्षा विणीचं महत्त्व जास्त वाटतं. पर्केलमध्ये धागा एकावरून, एकाखालून जातो; कापड कोरडं, खुसखुशीत लागतं, हवा खेळते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हीच घ्यावी. सॅटीनमध्ये धागा साधारण चारांवरून तरंगत जाऊन एकाखाली शिरतो. म्हणून ती चमकते, मऊ लागते. पण ते तरंगते धागे बांगडीत, नखात अडकतात.

टॉवेलला मात्र काउंट नाही, जीएसएम बघायचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हा दावा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तपासता येतो. समजा, ७५ बाय १५० सेंटिमीटरच्या टॉवेलवर ६०० जीएसएम लिहिलंय. क्षेत्रफळ झालं सव्वा चौरस मीटरहून थोडं कमी, १.१२५. वजन ६७५ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. काटा ५१० दाखवत असेल, तर खरा जीएसएम साधारण ४५० आहे. टॉवेल पूर्ण कोरडा असताना वजन करा, कारण सूत ओलावा धरून ठेवतं.

तरी ४५० वाईट नाही. ६००चा टॉवेल पाणी भरपूर टिपतो, पण पावसाळ्यात दोरीवर दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. रोजच्या आंघोळीला ४०० ते ५००, प्रवासाला ३०० पुरतो. नवा टॉवेल पाणी टिपत नाही अशी तक्रार असते; त्यावर मऊपणासाठी लावलेला थर असतो, तो दोन-तीन धुण्यांत जातो. तोवर फॅब्रिक कंडिशनर घालू नका, आणि नंतरही शक्यतो नकोच.