अठ्ठावीस नंबरचा पांढरा शर्ट

विश्रांतवाडीच्या चौकापासून आळंदी रस्ता, धानोरी, टिंगरेनगर अशा सगळ्या अंगांनी वस्ती वाढली आणि वस्तीबरोबर शाळाही वाढल्या. अशा भागातलं शाळेच्या गणवेशाचं एखादं लहान दुकान डोळ्यासमोर आणा. दहा बाय पंधराचा गाळा, तीन भिंतींना छतापर्यंत रॅक आणि सहा शाळांचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, माल तो किती? शर्ट, पँट, स्कर्ट, टी-शर्ट. आता मोजून पाहू. शर्टाचे नंबर २२ ते ४४, सगळे सम, म्हणजे बारा. हाफ पँटचे दहा, फुल पँटचे बारा, स्कर्टचे बारा. खेळाच्या टी-शर्टला चार हाउसचे चार रंग आणि प्रत्येक रंगात बारा नंबर, म्हणजे अठ्ठेचाळीस. एका शाळेचे झाले चौऱ्याण्णव प्रकार आणि सहा शाळांचे पाचशे चौसष्ट. यातल्या प्रत्येक वेगळ्या मालाला स्वतःचा कोड हवा. तो नसेल तर जूनच्या गर्दीत कुठला नंबर संपत आलाय हे फक्त मालकाच्या डोक्यात राहतं, आणि मालक जेवायला घरी गेला की दुकानाला काहीच ठाऊक नसतं.

कोड बसवायला घेतला की बहुतेक दुकानदार पहिली दोन अक्षरं शाळेला देतात. ते स्वाभाविकही आहे, कारण गिऱ्हाईक आत शिरताना शाळेचंच नाव घेतं. पण घोटाळ्याची सुरुवातही तिथेच होते. सहापैकी तीन शाळांचा शर्ट साधा, पांढरा, अर्ध्या बाहीचा आणि एकाच कापडाचा आहे असं धरू. शाळेनुसार कोड दिले की त्या एकाच शर्टाचे तीन माल होतात. मग पहिल्या शाळेच्या खात्यात २८ नंबर शून्य दिसतो, काउंटरवरचा मुलगा "काकू, परवा या" म्हणतो, आणि दुसऱ्या शाळेच्या नावाखाली तेच वीस शर्ट रॅकवर पडून असतात. वर पहिल्या खात्यासाठी नवी ऑर्डरही जाते. पैसे कापडात अडकतात आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

म्हणून कोड ठरवताना मी एकच कसोटी लावतो. दोन नग समोर ठेवा. एकाच्या जागी दुसरा दिला तर गिऱ्हाईक तो परत आणेल का? आणणार असेल तर कोड दोन, नसेल तर एक. पांढरा २८ कुठल्या गठ्ठ्यातून काढला याचं आईला काही नसतं, म्हणून त्याला एकच कोड. कुठल्या शाळेला कुठला कोड लागतो हे वेगळ्या तक्त्यात लिहायचं. त्या तक्त्यात तीन शाळांच्या पुढे तोच कोड आला तरी काही बिघडत नाही.

खिशावर शाळेचं बोधचिन्ह शिवलं की मात्र चित्र पालटतं. तो शर्ट आता दुसऱ्या शाळेला चालणार नाही, म्हणून त्याला नवा कोड. बोधचिन्हं दुकानातच लावली जात असतील तर शिवणाऱ्याने दहा शर्ट केले की नोंद तीन ठिकाणी व्हावी लागते: साधे शर्ट दहाने कमी, बोधचिन्हं दहाने कमी, बोधचिन्हवाले शर्ट दहाने जास्त. ही नोंद राहिली की साध्या शर्टांचा हिशेब कागदावर फुगत जातो आणि रॅक रिकामा होत जातो.

हीच कसोटी इतर प्रश्नांनाही लागते. पुरवठादार बदलला तर नवा कोड हवा का? माप आणि कापड तेच असेल तर नको. पण नव्याचा २८ जुन्याच्या २६ इतकाच बसत असेल, तर तो वेगळा माल आहे आणि त्याला वेगळा कोडच द्यावा. किंमत कोडमध्ये घालायची का? मुळीच नाही. कपड्यांवरचा जीएसटी किमतीवर ठरतो. २०१७ साली ५ टक्क्यांची मर्यादा नगाला १००० रुपये होती, सप्टेंबर २०२५ मध्ये ती २५०० झाली. ज्याने किंमत किंवा कराचा दर कोडमध्ये गुंफला असेल त्याला अशा वेळी सगळी लेबलं बदलावी लागतात. जे बदलतं ते तक्त्यात ठेवावं. एचएसएन क्रमांकही तक्त्यातच राहू द्यावा. तो कर ठरवण्यापुरता असतो, एका प्रकारच्या सगळ्या नंबरांना आणि रंगांना तो एकच लागतो.

मग कोडमध्ये उरतं काय? प्रकार, रंग आणि नंबर, याच क्रमाने.

```
SH01-WHT-28
TS03-RED-28
```

`SH01` म्हणजे साधा अर्ध्या बाहीचा शर्ट, `TS03` म्हणजे तिसऱ्या घडणीचा टी-शर्ट. नंबर शेवटी ठेवला की यादी क्रमाने लावल्यावर एका शर्टाचे बाराही नंबर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने येतात आणि रॅकवरची मांडणी तशीच ठेवता येते. शिक्षकांच्या ट्रॅकसूटला S, M, L, XL असे साइज असतील तर हा क्रम मोडतो. संगणक ते L, M, S, XL असे लावतो, म्हणून तिथेही दोन आकडी क्रमांक द्यावेत.

रंगाची तीन अक्षरं एकदाच ठरवून काउंटरमागे चिकटवावीत. `BL` लिहिलं की निळा की काळा हा वाद निघणारच, म्हणून `BLU` आणि `BLK`. मरूनला `MAR` देऊ नये. ज्याचा कोड नुसता `MAR-22` असेल त्याला एक्सेल तारीख समजून मार्च महिना करून ठेवतं. शून्याने सुरू होणाऱ्या आकडी कोडचं शून्यही असंच गिळलं जातं. हा त्रास लहान दुकानापुरता नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये `MARCH1` आणि `SEPT1` यांसारखी नावं याच कारणाने बदलल्याचं जाहीर केलं. मरूनला `MRN` द्यावं आणि कोडची सुरुवात प्रकाराच्या अक्षरांनी ठेवावी, म्हणजे हा प्रश्न येत नाही.

कोड किती लांब असावा हे लेबल ठरवतं. अकरा अक्षरांचा `TS03-RED-28` कोड १२८ या बारकोडमध्ये छापला, तर सर्वात बारीक रेघ पाव मिलिमीटर धरून आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा मिळून सुमारे ४४ मिलिमीटर रुंदी लागते. ५० मिलिमीटरच्या लेबलवर तो नीट बसतो. ३८ च्या लेबलवर रेघा आवळाव्या लागतात, आणि मग स्कॅनर अडखळला की मुलगा आकडे हाताने टाइप करू लागतो. चुका तिथूनच शिरतात. फक्त आपल्याच काउंटरवर वाचायच्या या बारकोडसाठी ८९० ने सुरू होणारे भारतीय क्रमांक विकत घेण्याची गरज नसते. बाहेरच्या मोठ्या साखळी दुकानांत माल द्यायचा असेल तेव्हा ते लागतात.

चूक झाली हे ओळखायचं कसं? मोजणी करताना प्रकाराची एकूण बेरीज आणि प्रत्येक नंबरची शिल्लक शेजारी मांडा. `SH01-WHT` चे एकूण १४० बरोबर निघाले, पण २६ मध्ये तीन कमी आणि २८ मध्ये तीन जास्त आले, तर चोरी झालेली नाही. कुणीतरी २६ देऊन २८ चं बिल केलं, किंवा अदलाबदलीच्या वेळी नुसती पिशवी बदलली आणि नोंद केली नाही. बारकोडमधला तपासणी अंक ही चूक पकडू शकत नाही, कारण दोन्ही कोड खरेच असतात. जूनमध्ये गणवेशाच्या दुकानात अदलाबदल रोजचीच, म्हणून परतीची नोंद बिलाइतकीच सोपी असायला हवी: जुना नग स्कॅन, नवा नग स्कॅन, बस. एकूण बेरीजच कमी आली तर मात्र शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. आधी बोधचिन्हांची वही पाहावी आणि मग पुरवठादाराची चलनं.

शाळेने गणवेश बदलला की जुन्या कोडपुढे 'बंद' लिहायचं आणि त्याचा उरलेला माल सवलतीत काढायचा. मोकळा झाला म्हणून तो कोड नव्या शर्टाला देऊ नये. धाकट्यासाठी जपून ठेवलेला जुना शर्ट कुणी दीड वर्षाने लेबलासकट परत आणतं, आणि तेव्हा स्कॅनरने त्याला नवा शर्ट म्हटलं तर काउंटरवरच्या मुलाला ते कळायला काहीच मार्ग नसतो.