कांड्या भरलेल्या, नेट मात्र गायब

यूपीआयचं चक्र फिरतंय, दुकानदार बघतोय आणि फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण भरलेल्या. त्या कांड्या फक्त फोन ते राउटर एवढ्याच टप्प्यातला सिग्नल मोजतात. राउटरच्या पुढे रस्त्यावरची फायबर तुटली असेल, तर त्यांना पत्ताच नसतो.

म्हणून अँड्रॉइड फोन जोडणी होताच गुगलच्या सर्व्हरवरचं `generate_204` नावाचं एक पान मागतो. उत्तरात 204 हा आकडा आणि रिकामं पान आलं, की नेट चालू. काहीच आलं नाही, तर वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह उमटतं आणि फोन सहसा मोबाइल डेटाकडे वळतो. अडचण अर्धमेल्या लाइनची. ती इवलंसं उत्तर कशीबशी आणते, परीक्षा पास होते आणि फोन तिलाच चिकटून राहतो. शिवाय जोडणीनंतर लाइन गेली, तर ते कळायलाही थोडा वेळ जातो.

आयफोनमधलं `Wi-Fi Assist` अशा वेळी डेटा वापरतं, पण समोर उघडलेल्या अ‍ॅपपुरतंच, आणि रोमिंगमध्ये नाही. सॅमसंगमध्ये ही सोय `Intelligent Wi-Fi` खाली सापडते. डेटा मोजूनमापून वापरणाऱ्यांनी ती बंद ठेवलेली बरी.

खात्री करायची तर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेकदा `192.168.1.1`. ते पान उघडलं आणि बाकी काहीच उघडत नसेल, तर दोष वायफायचा नाही. राउटर एकदा बंद-चालू करा, तरीही तेच असेल तर कंपनीला फोन लावा.