पाऊल लोंबते तेव्हा

चालताना मागचा पाय पुढे येतो, तेव्हा त्याचा चवडा जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतो. तेवढे अंतर पुरते, कारण नडगीच्या पुढच्या बाजूचा ‘टिबिअ‍ॅलिस अँटीरिअर’ हा लांब स्नायू नेमका त्याच क्षणी पाऊल घोट्यातून वर उचलून धरतो. पुढे टाच टेकल्यावर चवडा आपटू न देता अलगद खाली आणण्याचे कामही त्याचेच. हा स्नायू दुबळा झाला की पाऊल लोंबते. बोटे फरशीला घासतात, उंबरठ्याला अडकतात, चप्पल निसटून मागे राहते. या लक्षणाला ‘फूट ड्रॉप’ म्हणतात.

स्नायू स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत हुकूम पोहोचत नसतो. हा हुकूम मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून कमरेपर्यंत उतरतो, तिथल्या मणक्यांमधून बाहेर पडून मांडीमागून गुडघ्यापर्यंत येतो आणि ‘पेरोनिअल’ नसेतून स्नायूत शिरतो. या वाटेवर अडथळा नेमका कुठे आहे, यावर ब्रेस कोणता आणि व्यायाम कोणते हे ठरते. म्हणून केवळ पाऊल लोंबते म्हणून दुकानातून पट्टा आणून बांधणे चुकीचे ठरते.

वाटेतली सर्वांत नाजूक जागा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडी खाली आहे. तिथे हाताला लागणाऱ्या हाडाच्या गाठीखाली ही नस हाडाला वळसा घालते आणि तिच्यावर जवळजवळ फक्त कातडीच असते. घट्ट प्लास्टर, बेशुद्धावस्थेत बाहेर कललेला पाय, झपाट्याने घटलेले वजन, तासन्‌तास मांडी घालून किंवा उकिडवे बसणे, यांपैकी काहीही तिला दाबायला पुरते.

कांदा काढणीच्या दिवसांत सलग काही दिवस उकिडवे बसून काम केलेल्या एखाद्या मजूर बाईचे उदाहरण घेता येईल. सकाळी उठल्यावर उजवे पाऊल चालताना फटफट आपटू लागते. बोटे अडकू नयेत म्हणून ती गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलते. पावलाचा वरचा भाग आणि नडगीची बाहेरची बाजू बधिर लागते. कंबर मात्र दुखत नाही. तपासताना डॉक्टर तिला पाऊल वर उचलायला आणि बाहेर वळवायला सांगतात. दोन्ही जमत नाही. मग पाऊल आत वळवायला सांगतात, तर ते ती पूर्ण जोराने वळवते. आत वळवणारा स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो, पण त्याचाही हुकूम कमरेच्या त्याच मणक्यातून येतो. तो शाबूत असला की दोष कमरेत नसून गुडघ्यापाशी असण्याची शक्यता मोठी. तोही दुबळा असता, तर कमरेची चकती सरकल्याचा संशय आला असता.

डॉक्टर त्या वळशापाशी नस चाचपूनही पाहतात. ती दोरीसारखी जाड लागली आणि अंगावर बधिर चट्टा असला, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी लागते. त्याचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. नसेचा वेग मोजणारी ‘एनसीव्ही’ आणि स्नायूची ‘ईएमजी’ या चाचण्या सुमारे तीन आठवड्यांनी केल्या तर नसेचे किती नुकसान झाले ते जास्त स्पष्ट कळते. नसेवरचे आवरणच दबले असेल, तर दाब हटल्यावर काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत ताकद परतते. आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर एवढेच वाढतात आणि वाट पाहणे महिन्यांवर जाते.

अशा सैल, लोंबत्या पावलाला पोटरीमागे पातळ पट्टी असलेला हलका प्लास्टिकचा ब्रेस चालतो. तो तळव्याखालून पोटरीवर जातो, पाऊल उचलले की चवडा वर धरतो आणि टाच टेकताना थोडा वाकतो. त्याची वरची कड त्या हाडाच्या गाठीपासून निदान दोन बोटे खाली असली पाहिजे. नाहीतर जी नस दबून हे झाले, तिलाच ब्रेस पुन्हा दाबतो. सुरुवातीला तो तास-दोन तास, सुती मोज्यावर घालावा. काढल्यानंतर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तो तिथे टोचतो आहे. बनवणाऱ्याकडून गरम करून बसवून घ्यावा. बधिर पायाला टोचलेले कळत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहणे भाग आहे. आपल्याकडे घरात पादत्राणे काढतात आणि नुसते प्लास्टिक फरशीवर घसरते. त्यामुळे तळाला रबर चिकटवून घ्यावे किंवा घरासाठी मागे पट्टा असलेली वेगळी सँडल ठेवावी. साध्या चपलेत ब्रेस टिकत नाही.

व्यायाम स्नायूच्या ताकदीप्रमाणे बदलतो. पाऊल वर येतच नसेल, तर कुशीवर झोपून, पायाखाली उशी घेऊन ते घोट्यातून वर ओढण्याचा प्रयत्न करायचा. या स्थितीत पावलाचे वजन आड येत नाही. ते जमले की खुर्चीत बसून, टाच जमिनीवर ठेवून चवडा वर उचलायचा. हेही सोपे झाले की रबरी पट्ट्याचा विरोध द्यायचा. दहा-दहाचे दोन-तीन फेरे पुरतात; स्नायू थकल्यावर ओढत राहून लाभ नाही. पोटरीचा ताण मात्र पहिल्या दिवसापासून हवा. चवड्याला टॉवेल अडकवून, गुडघा सरळ ठेवून तीस सेकंद ओढून धरावे. पाऊल सतत खाली लोंबत राहिले की टाचेमागचा कंडरा आखडतो आणि मग नस सुधारूनही पाऊल वर येत नाही.

पक्षाघातानंतरचे चित्र निराळे असते. पोटरी ताठर होते, पाऊल खाली आणि आत वळते, रुग्ण पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवत पुढे आणतो. पोटरीचा जोर जास्त असल्याने पातळ ब्रेस वाकून निकामी होतो. इथे घोटा घट्ट धरणारा, बाजूंनी पुढपर्यंत आलेला ब्रेस लागतो. ताठरपणा फार असेल तर पोटरीत बोट्युलिनमचे इंजेक्शन देतात. एकट्या घोट्याचा व्यायामही इथे अपुरा पडतो. उठणे-बसणे, पायावर भार घेणे, पायरीवर पाऊल ठेवणे असा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावा लागतो. पाऊल उचलण्याच्या क्षणी नसेला विजेचा सौम्य झटका देणारे यंत्रही काहींना उपयोगी पडते. पक्षाघातातली बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. ब्रेसने पाय आळशी होईल या भीतीने तो याच काळात टाळू नये, कारण पडून खुब्याचे हाड मोडले तर हेच महिने अंथरुणात जातात.

नसेच्या इजेनंतर साधारण वर्षभरात काहीच हालचाल परतली नाही, तर पाऊल आत वळवणाऱ्या शाबूत स्नायूचा कंडरा पुढे आणून जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. कुष्ठरोगातल्या फूट ड्रॉपसाठी ती भारतात अनेक दशके होत आली आहे. घोटा आखडलेला नसेल तरच ती साधते.

पाऊल एकाएकी लोंबले आणि सोबत तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तरीही त्याच दिवशी दाखवावे.